नव्या तारा लावल्या की गिटार सारखी उतरते. तारा ताणायच्या नेमक्या कशा?

ऋचा_सिडको

नमस्कार. मी अकूस्टिक गिटार वाजवते, स्टीलच्या तारांची. गेल्या आठवड्यात एका दुकानात नवा सेट बसवून घेतला, १२-५३ चा, ब्राँझचा. तेव्हापासून एक गाणं धड सुरात पूर्ण होत नाही. सगळ्यात जास्त त्रास दुसऱ्या तारेचा (बी). लावली, दोन कडवी वाजवली, की ट्यूनरवर वीस-पंचवीस सेंट खाली. पाचवी (ए) पण उतरते, पण ती हळूहळू. बाकीच्या चार बऱ्या आहेत.

दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, कीज झिजल्यात, पूर्ण सेट बदलावा लागेल. गिटार चार वर्षांची आहे आणि जुन्या तारांवर असं कधीच होत नव्हतं, म्हणून पटत नाही. मैत्रीण म्हणते नव्या तारा ‘ताणून’ घ्यायच्या असतात. पण म्हणजे किती ओढायच्या, कुठे धरायच्या? पहिली तार तुटेल अशी भीती वाटते.

पुढच्या शनिवारी कार्यक्रमात साथ करायची आहे, त्यामुळे जरा घाई आहे.

पंचवटीकर

कीज बदलू नका. सगळ्यांचंच असं होतं. नवी तार म्हणजे नवं लोखंड, ताण पडला की ते लांबत जातं. पूर्ण लांबून झालं की थांबतं. आठवडाभर वाजवत राहा, आपोआप जागेवर येईल. घाई असेल तर रात्री सगळ्या तारा एक सूर वर चढवून ठेवा आणि सकाळी खाली आणा. मी कायम असंच करतो.

अंबडचा_टूलरूमवाला

कीज बदलू नका, याला माझं अनुमोदन. कारण मात्र वेगळं आहे, आणि ते कळलं तर काय करायचं तेही कळेल.

गिटारच्या किल्लीच्या आत वर्म आणि गिअर असतं. किल्ली फिरवली की खुंटी फिरते, पण खुंटीला कितीही ओढा, किल्ली उलटी फिरत नाही. तारेच्या ओढीने किल्ली आपोआप सैल होणं जवळपास अशक्य. खुंटी बोटांनी धरून हलवून बघा. डोक्यावरचा नट सैल असेल तर ती डुगडुगेल, तो पान्याने आवळला की काम झालं. चार वर्षांत सहापैकी नेमक्या दोनच कीज झिजल्या आणि त्याही तारा बदलल्या त्याच दिवशी, हे होत नाही.

आता लोखंड लांबण्याबद्दल. गिटारची साधी पोलादी तार सुरात असते तेव्हा लांबलेली असतेच, पण रबरासारखी. सैल केली की पुन्हा मूळ लांबीवर येते. तिच्या ताकदीच्या साधारण निम्म्यावर आपण ती वाजवतो, तिथे पोलाद कायमचं लांबत नाही म्हटलं तरी चालेल. मग सूर उतरतो कशाने? तारेच्या दोन टोकांना आणि वाटेतल्या वळणांवर जो ढिलेपणा उरलेला असतो, तो हळूहळू बाहेर येतो त्याने. खुंटीवरचे वेढे आवळतात, खालची गोटी ब्रिजच्या आत जागा धरते, गोटीजवळचा पीळ घट्ट होतो, सॅडलवर तार कमानीसारखी वाकलेली असते ती कोनात बसते. ताणणे म्हणजे हा ढिलेपणा एकदाच, आपल्या हाताने, बाहेर काढणे.

किती ढिलेपणा पुरतो याचा हिशोब बघा. दुसरी तार पूर्ण सैल असताना आणि सुरात असताना, तिच्या लांबीतला फरक आहे जेमतेम ३ मिलिमीटर. त्यातला ०.३ मिलिमीटर परत आला की तार अर्धा सूर उतरते. तुमचे वीस-पंचवीस सेंट म्हणजे ०.०८ मिलिमीटरच्या आसपास. डोक्याच्या केसाएवढं. वेढे एकमेकांवर चढलेले असतील तर केसभर सरकायला काहीच लागत नाही.

म्हणून ऋचा, आधी दोन फोटो टाका. एक खुंट्यांचा, वरून, वेढे दिसतील असा. दुसरा मोबाईल आवाजाच्या भोकातून आत घालून, ब्रिजच्या खालच्या बाजूचा.

तरफ

मी सितार वाजवतो, गिटारचं फारसं कळत नाही. पण आमच्याकडे हा प्रश्न असा येतच नाही. बाजाची नवी तार लावली की रियाजात मींड ओढूनच ती दोन दिवसांत बसते. चार-चार, पाच-पाच सुरांची मींड असते ना. आणि थोडं कमी-जास्त झालंच तर खाली मणका असतो, तो सरकवला की झालं. खुंटी सरकली तर खडू लावतो. गिटारच्या खुंटीला खडू लावून बघितला का कोणी? आणि मणका का लावत नाहीत, हा मला खरंच पडलेला प्रश्न आहे.

अंबडचा_टूलरूमवाला

तरफकाका, तुमची खुंटी नुसत्या लाकडाच्या घर्षणावर उभी असते, म्हणून खडू. इथे गिअर आहे, खडू लावला तर दात खराब होतील, बाकी काही नाही. मणक्याचं काम किल्लीच करते. चौदाला एक असं गिअर असेल तर किल्लीचा पूर्ण एक फेरा म्हणजे खुंटीवर साधारण सव्वा मिलिमीटर तार. दुसऱ्या तारेला पाव फेऱ्यात अर्धा सूर. तेवढं बारीक पुरतं.

मींडेचं मात्र तुम्ही अगदी मुद्द्याचं बोललात. मींड म्हणजेच तार ताणणं. गिटारवर साथ करणारा माणूस कॉर्ड धरतो, तार आडवी फारशी ओढतच नाही, म्हणून ढिलेपणा आठवडाभर थोडा थोडा निघत राहतो.

पंचवटीकर

म्हणजे माझंच बरोबर झालं की. आठवडाभर वाजवलं की बसतात.

अंबडचा_टूलरूमवाला

बसतात, हे बरोबर. लोखंड लांबून बसतात, हे नाही. फरक यासाठी की वेढेच चुकीचे असतील तर महिनाभर वाजवूनही ती तार बसणार नाही.

ऋचा_सिडको

फोटो टाकलेत. खुंट्या डुगडुगत नाहीत, तपासल्या. दुसऱ्या तारेचे वेढे मोजता येत नाहीत इतके आहेत, सात-आठ तरी असतील, आणि एकमेकांवर चढलेत. पाचवीला उलटं, पूर्ण एक वेढाही नाही. आतला फोटो काढायला वेळ लागला, पण आला. दुसऱ्या तारेची गोटी बाकीच्यांसारखी दिसत नाही, खाली लोंबल्यासारखी आहे.

अंबडचा_टूलरूमवाला

छान फोटो. सगळं त्यात दिसतंय.

आतला फोटो आधी. बाकी पाच गोट्या वरच्या लाकडी पट्टीला टेकून, पिनेच्या बाजूला बसल्यात. दुसऱ्या तारेची गोटी पिनेच्या टोकाखाली अडकली आहे. म्हणजे तार पकडली आहे पिनेच्या टोकाने, पट्टीने नाही. तारेची ओढ त्या पिनेला वर ढकलते, पिन कणाकणाने वर येते आणि तितकी तार सैल होते. कधी वाजवताना ‘टक्’ असा आवाज होऊन एकदम उतरली आहे का?

खुंटीकडे तिचे वेढे सात-आठ, गुंतलेले. ढिलेपणाच्या दोन्ही जागा एकाच तारेत आणि ती तारही नेमकी दुसरी. पहिल्या तारेला अर्धा सूर उतरायला अर्धा मिलिमीटरहून जास्त ढील लागते, दुसरीला ०.३ पुरते. म्हणून दुसरी नेहमी जास्त नाटकं करते असं लोकांना वाटतं.

पाचवी वेगळी. ती तोकडी कापली आहे. एकापेक्षा कमी वेढा असेल तर तार फक्त भोकातल्या वाकणावर टिकते, आणि तिथून थोडी थोडी घसरते. तिला नुसतं ताणून उपयोग नाही, आणखी घसरेल. ती एक तार नवी घ्या, सुटी मिळते, ४२ ची. दुसरीची भरपूर लांबी शिल्लक आहे, तीच वापरता येईल.

ऋचा_सिडको

हो! ‘टक्’ आवाज दोनदा झाला होता. मला वाटलं तार तुटली.

दुसरी पुन्हा बसवायची कशी ते सांगाल का? दुकानात परत न्यायची इच्छा नाही.

अंबडचा_टूलरूमवाला

घरीच होईल. सावकाश करा.

तार पूर्ण सैल करून खुंटीवरून सोडवा. पिन काढा, हाताने येत नसेल तर आवाजाच्या भोकातून हात घालून खालून ढकला, पक्कड लावून ओढू नका. पिन घालण्याआधी गोटीजवळ तार किंचित वाकवा, म्हणजे गोटी पिनेच्या टोकापासून दूर पट्टीकडे वळेल. पिनेची खाच तारेच्या बाजूला. आता पिन अर्धी आत घाला आणि दुसऱ्या हाताने तार वर ओढा, सरळ वर, गोटी लाकडाला टेकल्याचं हाताला कळेपर्यंत. मग ती ओढ न सोडता पिन अंगठ्याने दाबा. तार पुन्हा ओढली तर पिन वर यायला नको. आली तर गोटी अजून चुकीच्या जागी आहे.

खुंटीकडे: तार भोकातून ओढून ताठ करा, मग मागे सोडा. किती, तर दोन खुंट्यांमधल्या अंतराच्या दीडपट, सहा सेंटिमीटरच्या आसपास. एवढ्यात साध्या तारेचे तीन वेढे होतात. पाचवीसारख्या पिळाच्या तारेला पाच सेंटिमीटर पुरे, दोन-सव्वादोन वेढे. खुंटीच्या भोकातून बाहेर आलेलं टोक काटकोनात वाकवा आणि मगच जास्तीचं कापा. पिळाच्या तारेला हा क्रम जास्त महत्त्वाचा. काही सेटमध्ये आतली तार गोल असते, न वाकवता कापली तर वरचा पीळ सुटतो आणि तार ‘मरते’.

गुंडाळताना एका हाताने तार ताणून धरा आणि प्रत्येक वेढा आधीच्या खाली जाईल, वर चढणार नाही, असं बघा. सात-आठ वेढ्यांमुळे जी तार वेडीवाकडी झाली आहे ती बहुतेक कापलेल्या तुकड्यात जाईल. नव्या वाकणाच्या जागी जुनं वाकण येत असेल तर मात्र तीही नवीन घ्या. साधी तार एकाच जागी दोनदा वाकवली की तिथेच तुटते.

गंगापूर_रोड_क्लासिकल

हे सगळं वाचून मीही काल तारा ताणल्या. उपयोग शून्य. दर दहा मिनिटांनी पहिल्या तीन तारा उतरतात. लॉक करून बांधल्यात, खुंटीवर वेढे व्यवस्थित, तरी चार दिवस हेच. तुमची थिअरी इथे चालत नाही असं दिसतंय.

अंबडचा_टूलरूमवाला

तुमच्या तारा नायलॉनच्या ना? मग बरोबर, चालणार नाही. मी वर सांगितलं ते सगळं पोलादाचं.

नायलॉन सुरात येईपर्यंत काही सेंटिमीटर लांबतं, आणि नंतरही ताणाखाली स्वतःच सरकत राहतं. तिथे पंचवटीकरांचं म्हणणं खरं आहे, मालच लांबतो. हाताने ओढून थोडा वेळ वाचेल, पण पाच-सात दिवस जातातच. नायलॉनला रात्री अर्धा सूर वर ठेवणंही चालतं. तेवढी ब्रिजवरची गाठ बघा, टोक बाहेर सुटून राहिलं असेल तर तेही घसरतं. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी नायलॉन बदलू नये.

पंचवटीकर

मला शिकवणारे सर क्लासिकलच वाजवायचे. ती युक्ती त्यांचीच. पण मी स्टीलवरही वापरतो आणि मला फरक पडतो. रात्रभर वर ठेवली की सकाळी स्थिर. हे तुमच्या हिशोबात कुठे बसतं?

अंबडचा_टूलरूमवाला

जास्त ताणाखाली वेढे आवळतात, ते इथेही होतंच. पण १२-५३ चा सेट सुरात असतानाच सगळ्या तारांची मिळून ओढ ७० किलोच्या वर असते. एक सूर चढवला की ती सव्वापट होते, म्हणजे ९० च्या पुढे, तीही रात्रभर. जुन्या गिटारचा ब्रिज किंवा मान त्याने उचलली जाऊ शकते. तेवढाच ताण हाताने एका तारेवर दोन सेकंद दिला तर तेच काम होतं आणि लाकडावर काही येत नाही. म्हणून मी स्टीलवर ती पद्धत सांगत नाही.

पंचवटीकर

माझ्या गिटारचा ब्रिज इतक्या वर्षांत उचललेला नाही. असो. ज्याची त्याची पद्धत.

ऋचा_सिडको

दुसरी बसवली, अगदी सांगितल्याप्रमाणे. पिन आता ओढूनही हलत नाही. तीन वेढे, खाली-खाली. पाचवी नवी आणली. आता ताणायचं सांगा. किती ओढायचं हाच मूळ प्रश्न राहिलाय.

अंबडचा_टूलरूमवाला

तार सुरात आणा. वरून खाली येऊ नका, नेहमी खालून वर. चुकून वर गेली तर सैल करून पुन्हा खालून या, नाहीतर गिअरमधली मोकळीक तारेत शिरते आणि पहिल्याच ठोक्याला उतरते.

मग सॅडलच्या पुढे अगदी लगत तार अंगठ्याने खाली दाबा, हलकेच. नव्या तारेची तिथली कमान मोडून ती सरळ कोनात बसते. हे बरेच जण करत नाहीत. माझ्या मते ताणण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे.

आता बाराव्या फ्रेटवर तार दोन बोटांनी धरून फिंगरबोर्डपासून सरळ वर उचला. किती, तर २ सेंटिमीटर. अंगठ्याच्या रुंदीएवढं. क्षणभर धरा, सावकाश खाली आणा. झटका देऊन सोडायची नाही.

२ सेंटिमीटर का? पहिली तार मध्यावर २ सेंटिमीटर उचलली की तिचा ताण साधारण पावपटीने वाढतो, सूर जवळजवळ एक पूर्ण सूर वर जातो. कोणीही आडवी तार ओढून एक सूर घेतो, तितकंच. ३ सेंटिमीटरला ताण दीडपट होतो. ४ ला तो दुपटीला टेकतो आणि तिथे चांगली तारसुद्धा तुटायच्या बेतात असते, खुंटीवरच्या वाकणात तर आधीच. म्हणून ‘जोरात ओढा’ असा सल्ला देणाऱ्यांच्या पहिल्या तारा तुटतात. उंची डोळ्याने बघा, जोराचा अंदाज बांधू नका.

बाराव्यानंतर पाचव्या फ्रेटजवळ आणि आवाजाच्या भोकावर, पण तिथे निम्मंच उचला. टोकाजवळ तेवढीच उंची जास्त ताण देते. ब्रिजच्या अगदी जवळ वर ओढू नका, पिनेला धक्का बसतो.

पुन्हा ट्यूनर, किती उतरली ते बघा, पुन्हा सुरात, पुन्हा उचला. प्रत्येक वेळी उतरणं आधीच्यापेक्षा कमी व्हायला हवं. दोन-तीन सेंटच्या आत आलं की ती तार झाली, पुढे ओढत बसू नका. आणि उतरणं कमी होतच नसेल, दर वेळी तेवढंच येत असेल, तर समजा तार कुठेतरी घसरते आहे. तेव्हा ओढणं थांबवून गोटी आणि वेढे बघा.

ऋचा_सिडको

केलं. दुसरी तार: पहिल्यांदा उचलली तेव्हा ४० सेंट उतरली, मग १५, मग ४, मग काटा हललाच नाही. पहिली तार मुळातच ६ सेंट उतरली आणि थांबली. पाचवी नवी असल्यामुळे पहिल्यांदा ६० च्या पुढे गेली, मग २५, १०, ५. अजून थोडी आहे वाटतं.

मग अर्धा तास वाजवलं. दुसरी जागेवर! एवढंच सांगायला आले होते, खूप आभार.

सातपूर_स्ट्रॅट

धागा वाचतोय. माझी इलेक्ट्रिक आहे, तिसरी तार (जी) कायमची डोकेदुखी. तारा ताणून झाल्या, वेढे नीट आहेत, तरी तार आडवी ओढून सोडली की १०-१५ सेंट खाली. ९ चा सेट काढून ११ चा लावल्यापासून जास्त झालंय. ताणणं कमी पडतंय का?

अंबडचा_टूलरूमवाला

तुमचं ताणण्याचं प्रकरण नसावं. एक चाचणी करा. तार आडवी ओढून सोडा, ट्यूनरवर उतरलेली दिसू द्या. आता नट आणि खुंटी यांच्यामधली तार बोटाने हलकेच खाली दाबून सोडा. सूर परत वर आला का?

आला तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. ओढताना खुंटीकडची थोडी तार पुढे येते, सोडल्यावर ती मागे जायला हवी, पण खाच तिला धरून ठेवते. मागून दाबलं की ती सुटते. दाबूनही सूर खालीच राहिला तर ढिलेपणा अजून वेढ्यांत आहे, तेव्हा ताणा.

अडकणाऱ्या तारेची दुसरी खूण म्हणजे ती कधी कधी आपोआप चढतेही. लावताना ‘टिंग’ आवाज येऊन काटा उडी मारतो. नुसता ढिलेपणा असेल तर तार फक्त उतरते, कधी चढत नाही.

सातपूर_स्ट्रॅट

दाबलं की परत येते! अगदी सुरात. आणि ‘टिंग’ तर रोज ऐकतो.

अंबडचा_टूलरूमवाला

मग खाच. ९ च्या सेटसाठी कापलेल्या खाचेत ११ ची जाड तार अडकून बसते. आजच्यापुरतं पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा, मऊ पेन्सिल, ४बी असली तर उत्तम. कायमचा उपाय म्हणजे खाच त्या तारेच्या मापाच्या कानशीने रुंद करणे. पॉलिश पेपर दुमडून घासू नका, खाच खोल होते आणि तार पहिल्या फ्रेटवर खरखरते.

आणि तिसरीच का, तर साधी पोलादी तिसरी तार सगळ्यांत कमी लांबलेली असते, दोन मिलिमीटरच्या आतबाहेर. अर्धा सूर उतरायला तिला ०.२ मिलिमीटर पुरतात. अकूस्टिकवर तिसरी पिळाची असते म्हणून तिथे ही तक्रार येत नाही.

तुमचा ब्रिज तरंगता असेल तर आणखी एक. एक तार ताणली की ब्रिज झुकतो आणि बाकी पाच सैल पडतात, मग कुठली उतरली हे कळतच नाही. ताणताना ब्रिजच्या मागे लाकडाचा तुकडा अडकवून तो स्थिर करा.

सातपूर_स्ट्रॅट

नाशिकमध्ये नटची खाच कोणी नीट करून देतं का? मुंबईला पाठवायची नाहीये.

गंगापूर_रोड_क्लासिकल

मला पण हवंय. माझ्या गिटारचा नट एका ठिकाणी इतका खोल कापून दिला की बदलावा लागला. कोणाला खात्रीचं माहीत असेल तर इथेच लिहा.

तरफ

एक शंका. तार अशी ओढून घेतली तर तिचं आयुष्य कमी होत नाही का? आमच्या गुरुजींचा आग्रह होता की नव्या तारेला हात लावू नये, तिला आपल्या चालीने बसू द्यावं.

अंबडचा_टूलरूमवाला

काका, मी ओढलेल्या तारा लवकर तुटताना पाहिलेल्या नाहीत. पण अंदाजाने सांगत नाही, तुलना करायला एकाच गिटारवर एक सेट ओढून, एक न ओढता वापरायला हवा आणि तसं काटेकोर मी केलेलं नाही. पिळाच्या तारांचा आवाज पहिल्या ओढीत जरा दबतो असं काही वादक म्हणतात. मला तो फरक ऐकू येत नाही, त्यांना येत असेल.

पंचवटीकर

येतो. नवीन तारेची चमक पहिल्या दिवसाची वेगळीच असते. म्हणून तर मी ओढत नाही.

ऋचा_सिडको

परत आले. काल संध्याकाळी सभागृहात तालीम झाली. घरून निघताना बाहेर चांगलीच थंडी होती, गिटार केसमध्ये, दुचाकीवर. स्टेजवर सहा तारा लावल्या आणि दिवे लागल्यावर दहा मिनिटांत सगळ्याच थोड्या थोड्या खाली. पुन्हा तेच सुरू झालं का?

अंबडचा_टूलरूमवाला

सगळ्या एकाच दिशेला, थोड्या थोड्या? मग ती उष्णता. पोलाद तापलं की लांबतं आणि लाकूड त्या मानाने लांबत नाही. दहा अंश तापमान वाढलं तर पहिली तार दहाएक सेंट उतरते, दुसरी त्याहून जास्त. नाशिकला जानेवारीत बाहेरची थंडी आणि स्टेजचे दिवे यांत दहापेक्षा जास्तच अंतर असतं. याला ताणणं हा उपाय नाही, पुन्हा तारा ओढत बसू नका.

शनिवारी अर्धा तास आधी पोचा, केस उघडून गिटार स्टेजच्या बाजूला, पण दिव्यांखाली नाही, अशी ठेवा. शेवटचं लावणं दिवे लागल्यावर, खुर्चीत बसून करा. फक्त पाचवी बाकीच्यांपेक्षा जास्त उतरलेली दिसली तर ती अजून बसलेली नाही असं समजा, आणि शुक्रवारी घरी तिला बाराव्या फ्रेटवर पुन्हा २ सेंटिमीटर उचला. कार्यक्रमाच्या दिवशी नाही.

ऋचा_सिडको

पाचवी १८ सेंट खाली होती, बाकीच्या ८ ते १२. म्हणजे शुक्रवारी पाचवी. ठीक.